लाईकच्या यादीत न दिसणारं: फॉरमॅटप्रमाणे महिन्याचा रिपोर्ट कसा बनवायचा

समजा सदाशिव पेठेत एमपीएससीचा एक छोटा क्लास आहे. दोन खोल्या, खाली झेरॉक्सवाला, वर अभ्यासिका आणि इन्स्टावर बारा हजार फॉलोअर्स. महिन्याला अठराएक पोस्ट जातात, त्यात काही रील, काही कॅरोसेल म्हणजे ती बोटाने सरकवत वाचायची पानं, आणि काही नुसती एका फोटोची पोस्टर. महिना संपला की सर विचारतात, "काय चाललं रे जास्त?" आणि पोस्ट टाकणारा मुलगा मोबाईल उघडून लाईकच्या क्रमाने वाचून दाखवतो. पहिला नंबर मेसच्या भाजीवरच्या रीलचा, दुसरा आणि तिसरा निकालाच्या अभिनंदनाच्या पोस्टरचा. सर म्हणतात, मग हेच वाढव की.

क्लास मी कल्पनेतला घेतलाय आणि खालचे आकडेही उदाहरणासाठी जुळवलेत, पण हा घोळ ज्यांनी कुणी क्लास, दुकान, बुटीक, फिजिओथेरपी सेंटर असं कुणाचं अकाउंट सांभाळलंय त्यांना नवा नसेल.

आता निकालाच्या पोस्टरला लाईक कोण करतं बघा. पास झालेल्या मुलीचे मामा, मावशी, तालुक्यातले मित्र, शाळेतल्या बाई, गावातल्या मंडळाची पोरं. सगळे मनापासून आनंदाने लाईक करतात आणि त्यातला जवळपास कुणीच पुढच्या बॅचला फी भरणार नसतो. याउलट राज्यघटनेच्या नोट्सचं कॅरोसेल रात्री अकराला अभ्यासिकेत बसलेला मुलगा बघतो, सेव्ह करतो, रूम पार्टनरला पाठवतो आणि लाईक करायचं त्याच्या डोक्यातही येत नाही. म्हणजे लाईक खोटा नसतो, पण तो एका प्रकारच्या माणसाने एका प्रकारच्या कारणासाठी केलेला असतो, आणि कुठल्या फॉरमॅटला तो जास्त मिळतो हे तुमच्या कामाशी जुळेलच असं नाही. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये स्वतः सांगितलं होतं की रँकिंगमध्ये ते तीन गोष्टी सगळ्यात जास्त बघतात, किती वेळ पाहिलं, पोहोचलेल्यांपैकी किती जणांनी लाईक केलं आणि पोहोचलेल्यांपैकी किती जणांनी पुढे पाठवलं, आणि अनोळखी लोकांपर्यंत जायचं असेल तर यातलं पाठवणं जास्त महत्त्वाचं. दोन्ही ठिकाणी "पोहोचलेल्यांपैकी" आहे हे लक्षात ठेवा, पुढचा सगळा रिपोर्ट त्यावरच उभा आहे.

आधी डेटा. फोनवरच्या अ‍ॅपमधून एकेक पोस्ट उघडून आकडे लिहिता येतात, पण सगळे एकदम हवे असतील तर लॅपटॉपवर मेटा बिझनेस सूट उघडायचं, इनसाइट्समध्ये कंटेंटचा भाग आहे तिथून महिन्याची तारीख निवडून एक्स्पोर्ट करायचं, सीएसव्ही फाईल येते. तिच्यात `Post type` नावाचा कॉलम असतो, रील, कॅरोसेल, इमेज हे त्यातच वेगळं केलेलं असतं, म्हणजे अर्धं काम आयतं झालं. दोन गोष्टी मात्र सांभाळायच्या. एक, ती फाईल एक्सेलमध्ये डबल क्लिकने उघडलीत तर मराठी कॅप्शनची बरेचदा खिचडी दिसते आणि `Post ID` चा लांबलचक नंबर गोल होऊन शेवटचे आकडे उडतात, कारण एक्सेल पंधराच आकडे नीट धरतं. म्हणून गुगल शीट्समध्ये इम्पोर्ट करा, आणि पोस्टची ओळख म्हणून आयडी न वापरता `Permalink` म्हणजे पोस्टची लिंकच वापरा. दुसरं, पोस्टची वेळ कुठल्या देशाच्या घड्याळाप्रमाणे आलीये ते एखाद्या आठवणीतल्या पोस्टवरून ताडून बघा, नाहीतर ३१ जुलैची रात्रीची पोस्ट कुठल्या महिन्यात धरायची यावरून फुकटचा गोंधळ होतो.

मग स्वतःच्या हाताने दोन-तीन कॉलम वाढवायचे जे कुठलंच सॉफ्टवेअर देत नाही. विषय काय होता (अभ्यास, मजा, निकाल, बॅचची जाहिरात), पैसे देऊन बूस्ट केली होती का, आणि दुसऱ्या कुणाच्या अकाउंटबरोबर कोलॅब होती का. बूस्ट केलेल्या आणि कोलॅबच्या पोस्ट वेगळ्या रंगात करून हिशेबातून बाहेर ठेवायच्या. पाचशे रुपये टाकून मिळवलेला रीच आणि आपोआप मिळालेला रीच एका टोपलीत टाकला तर फॉरमॅटची तुलना तिथेच संपली. आपल्या उदाहरणात अशी पोस्ट एकही नाही, अठराच्या अठरा साध्या आहेत: ६ रील, ७ कॅरोसेल, ५ एका फोटोच्या.

आता वयाचा प्रश्न. एक तारखेला काढून ठेवलेल्या रिपोर्टमध्ये ३ जुलैची पोस्ट चार आठवडे जगलेली असते आणि ३० जुलैची दोन दिवस. हे म्हणजे टेस्ट सिरीजमध्ये एकाला तीन तास दिले, दुसऱ्याला वीस मिनिटं, आणि मग मार्कांची यादी लावली तसं झालं. फॉरमॅटच्या तुलनेत हे जास्तच बोचतं कारण पोस्टचं आयुष्य फॉरमॅटप्रमाणे बदलतं. एका फोटोची पोस्ट साधारण दोन-तीन दिवसांत शांत होते, रील मात्र दोन आठवड्यांनीही अचानक उचल खाऊ शकते. म्हणून प्रत्येक पोस्टचा सातव्या दिवसाचा आकडा लिहून ठेवायचा, सगळ्यांना सारखेच सात दिवस. महिन्याला अठरा पोस्ट म्हणजे दर दीड-दोन दिवसांनी एक पोस्ट उघडून पाच आकडे शीटमध्ये टाकायचे, चहा उकळेपर्यंत होतं. हे जमणारच नसेल तर निदान पुढच्या महिन्याच्या ८ तारखेला एक्स्पोर्ट काढा, म्हणजे प्रत्येकीला कमीत कमी सात दिवस तरी मिळालेले असतात, फक्त महिन्याच्या सुरुवातीला टाकलेल्या रीलना थोडा फायदा मिळतो हे रिपोर्टमध्ये एका ओळीत लिहून टाका.

पुढचा मुद्दा भाजक कुठला घ्यायचा. रीच म्हणजे किती वेगवेगळ्या अकाउंटपर्यंत पोस्ट गेली, आणि व्ह्यूज म्हणजे किती वेळा बघितली गेली, एकाने चारदा बघितली तर चार. २०२४ पासून इन्स्टाग्रामने व्ह्यूज हा सगळ्या फॉरमॅटसाठी मुख्य आकडा म्हणून पुढे आणला, त्यामुळे मोह होतो की चला आता सगळं एका मापात आलं. पण नऊ सेकंदांची रील आपोआप परत परत फिरते आणि तिचे व्ह्यूज फुगतात, फोटोचं तसं होत नाही. म्हणून तुलनेसाठी मी भाजक म्हणून रीचच घेते, आणि प्रत्येक पोस्टसाठी दर हजार रीचमागे किती लाईक, किती सेव्ह, किती शेअर हे काढते. टक्क्यांपेक्षा दर हजारी सोपं जातं, ०.६ टक्के म्हटलं तर सरांना काही वाटत नाही, हजारातले सहा म्हटलं की डोळ्यापुढे येतं.

एक सांगायचं राहिलं, अठरा पोस्टचा रीच बेरीज करून "जुलैमध्ये आपण एक लाख तीस हजार लोकांपर्यंत पोहोचलो" असं कधीच लिहू नका. तोच मुलगा सातही कॅरोसेल बघतो, तो सात वेळा मोजला जातो. महिन्याचा रीच अकाउंटच्या पातळीवर वेगळा दिलेला असतो, तो घ्या.

आता खरी मजा, सरासरी. सहा रीलचा रीच असा समजा: ४,२००, ५,१००, ३,८००, ६१,०००, ४,६०० आणि ५,३००. सरासरी काढली तर बरोबर १४,००० येते. रिपोर्टमध्ये "रीलचा सरासरी रीच चौदा हजार" असं छापलं की वाचणारा म्हणणार, वा, पुढच्या महिन्यात दहा रील टाकू, एक लाख चाळीस हजार झाले. पण सहातल्या पाच रील साडेपाच हजाराच्याही खाली आहेत, चौदा हजाराच्या जवळपास एकही नाही. ती ६१,००० वाली मेसच्या भाजीची रील एकटीच सगळ्यांना खांद्यावर घेऊन उभी आहे. इथे मध्यक वापरायचा, म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घ्यायचा, सम संख्या असेल तर मधल्या दोघांची सरासरी. इथे ४,६०० आणि ५,१०० च्या मधला, ४,८५०. पुढची रील टाकल्यावर काय अपेक्षा ठेवायची याचं हे जास्त प्रामाणिक उत्तर आहे.

सेव्हच्या दरातही तीच गंमत. सहा रीलना मिळून २३८ सेव्ह आले आणि सगळ्यांच्या रीचची बेरीज ८४,०००, भागलं तर हजारी तीनपेक्षाही कमी. पण त्यात मेसची रील निम्म्याहून जास्त वजन टाकते, तिला इतक्या रीचवर फक्त ९० सेव्ह होते, हजारी दीड. तेच प्रत्येक रीलचा दर आधी वेगळा काढून मग मध्यक घेतला तर साडेपाच येतो. म्हणजे क्रम महत्त्वाचा, आधी पोस्टप्रमाणे भागाकार, नंतर फॉरमॅटप्रमाणे मध्यक. गुगल शीट्समध्ये सरासरीसाठी अट घालायचं तयार फंक्शन आहे, मध्यकासाठी तसं नाही, पण दोन फंक्शन जोडून होतं. फॉरमॅट B कॉलममध्ये, रीच D मध्ये, सेव्ह E मध्ये असतील तर F मध्ये दर काढायचा आणि मग:

```
=E2/D2*1000
=MEDIAN(FILTER(Data!F$2:F$100, Data!B$2:B$100="IG reel"))
```

पहिली ओळ F कॉलममध्ये खालपर्यंत ओढायची, दुसरी रिपोर्टच्या पानावर, तिथे `Data` च्या जागी तुमच्या डेटाच्या पानाचं नाव आणि "IG reel" च्या जागी बाकीचे प्रकार, फाईलमध्ये जसे लिहून आलेत तसेच. पिव्होट टेबल आवडत असेल तर तिथेही बेरजेऐवजी मध्यक निवडता येतो.

इतकं करून एका फोटोच्या पोस्टकडे आलो की एक विचित्र गोष्ट दिसते. पाच पोस्टचे हजारी लाईक: १०३, ९८, २३, २१, २०. सरासरी ५३, म्हणजे रील आणि कॅरोसेल दोघांनाही मागे टाकून "इमेज" पहिली. मध्यक २३, म्हणजे शेवटची. त्याच पाच पोस्ट, आणि कुठलं माप घेतलं यावर निकाल उलटा. असं झालं की समजायचं की हा एक गट नाहीच, दोन गट एकत्र कोंबलेत. वरचे दोन निकालाचे पोस्टर, खालचे तीन "नवीन बॅच सोमवारपासून" वाले. फॉरमॅट कागदावर एक, काम पूर्ण वेगळं. तिथे फॉरमॅट फोडायचा आणि दोन ओळी करायच्या, मग जुलैचा तक्ता असा दिसतो. रीच म्हणजे मध्यक रीच, बाकी सगळे हजारी दरांचे मध्यक:

| प्रकार | पोस्ट | रीच | लाईक | सेव्ह | शेअर |
|---|---|---|---|---|---|
| रील | ६ | ४,८५० | ४३ | ५.५ | ९ |
| कॅरोसेल | ७ | ३,५०० | ३४ | ४० | १४ |
| निकाल पोस्टर | २ | ६,०५० | १०१ | १ | ६ |
| बॅच पोस्टर | ३ | २,६०० | २१ | ३ | ४ |

आता हा तक्ता वाचू. लाईकच्या यादीत कॅरोसेल कुठेच नव्हतं, इथे सेव्हमध्ये ते रीलच्या सातपट आहे आणि शेअरमध्येही पुढे. पण "सातपट" ऐकून लगेच उडी मारायची नाही, आधी बघायचं की दोन्ही गटांतले आकडे एकमेकांत मिसळतात का. कॅरोसेलचे सात दर २८ पासून ५८ पर्यंत आहेत, रीलचे दीडपासून ११ पर्यंत. सगळ्यात कमजोर कॅरोसेलसुद्धा सगळ्यात चांगल्या रीलच्या दुपटीहून वर. इथे ठामपणे बोलता येतं, पोस्ट कमी असल्या तरी. लाईकचं तसं नाही, ४३ आणि ३४ दिसायला वेगळे आहेत पण एकेक पोस्ट बघितली की काही कॅरोसेल काही रीलच्या वर आहेत, म्हणून त्यावर "रीलला लाईक जास्त" असं वाक्य मी तरी लिहिणार नाही. आणि निकाल पोस्टर तर दोनच आहेत, दोनचा मध्यक म्हणजे फक्त त्यांची सरासरीच, त्यावर काही बोलायचं झालं तर मागच्या तीन महिन्यांचे एकत्र घ्या. खरं तर महिन्याला वीसच्या आत पोस्ट असतील तर तीन महिन्यांची सरकती खिडकी हीच मुख्य आणि त्या महिन्याचा आकडा शेजारी, असं ठेवणं जास्त शहाणपणाचं.

दुसरी गोष्ट, सेव्हवरून रीलला नापास करणं हाही अन्यायच आहे. नोट्स परत वाचायच्या असतात म्हणून माणूस सेव्ह करतो, रील बघून झाली की झाली. रीलचं काम वेगळं, जे आपल्याला ओळखत नाहीत त्यांच्यापुढे जाणं. म्हणून रीलच्या ओळीत आणखी दोन आकडे बघते, बघणाऱ्यांमधला किती भाग फॉलोअर नसलेल्यांचा आहे (हे अ‍ॅपमध्ये प्रत्येक पोस्टच्या इनसाइट्समध्ये दिसतं) आणि त्या पोस्टवरून किती जणांनी फॉलो केलं. इथे मेसच्या रीलची हवा जरा निघते. ६१,००० जणांपर्यंत गेली, हजारी ३० शेअर झाले, जे अख्ख्या महिन्यातले सगळ्यात जास्त, आणि फॉलो आले ४५. हजारी पाऊण. त्याच महिन्यात सरांनी फळ्यासमोर उभं राहून एका प्रश्नाचे चार पर्याय कसे उडवायचे ते दाखवलं त्या रीलचा रीच सहाही रीलमध्ये सगळ्यात कमी, ३,८००, आणि फॉलो १९. हजारी पाच. सगळ्यात जास्त सेव्ह दर असलेली रीलसुद्धा हीच. मेसच्या भाजीवर नाशिकपासून नांदेडपर्यंत सगळे हसले, पण हसणाऱ्याला क्लास कशाला हवा असेल? ती रील वाईट नाही, तिने नाव पोहोचवलं, फक्त "हेच वाढव" म्हणण्यासारखं तिच्यात काही नव्हतं.

रील रीलमध्ये तुलना करायला सरासरी किती सेकंद बघितली हा आकडा असतो, तो रीलच्या लांबीने भागून टक्का काढतात. पण बारा सेकंदांच्या रीलचा टक्का पन्नास सेकंदांच्या रीलपेक्षा जवळजवळ नेहमीच जास्त येतो, तेव्हा साधारण सारख्या लांबीच्या रीलच शेजारी ठेवा. आणि हा आकडा कॅरोसेलच्या ओळीत रिकामाच राहू द्या, ओढूनताणून जुळवू नका. स्टोरीही या तक्त्यात घ्यायची नाही. ती चोवीस तासांत जाते, मुख्यतः फॉलोअरच बघतात, तिचे आकडे म्हणजे पुढे ढकलली, बाहेर पडले, उत्तर दिलं, लिंकवर टॅप केलं असे वेगळेच असतात. तिला खाली एक छोटा वेगळा चौकोन द्या.

आता सगळ्यात अवघड शंका, जी चांगला क्लायंट विचारतोच. आपल्या सगळ्या कॅरोसेल अभ्यासाच्या होत्या आणि सहातल्या पाच रील मजेच्या. मग सेव्ह जास्त आले ते कॅरोसेल होतं म्हणून, की अभ्यासाचा विषय होता म्हणून? जुलैच्या डेटावरून याचं उत्तर मिळूच शकत नाही, कितीही भारी चार्ट काढा. शीटमध्ये फॉरमॅट आडवे आणि विषय उभे असा साधा तक्ता केला की लगेच कळतं, मजा आणि कॅरोसेल जिथे भेटतात तो चौकोन रिकामा, अभ्यास आणि रीलच्या चौकोनात एकच पोस्ट. रिकामे चौकोन दिसले की फॉरमॅटबद्दलचं वाक्य तिथेच थांबवायचं आणि पुढच्या महिन्यात ते चौकोन भरायचे.

ऑगस्टमध्ये तसं केलं समजा. चार विषय निवडले: पाच प्रकारचे रिट आणि कलम ३२ व २२६ मधला फरक, ७३ वी घटनादुरुस्ती, महाराष्ट्रातल्या नद्या, आणि आठवड्याच्या चालू घडामोडी. प्रत्येक विषयाची एक रील आणि एक कॅरोसेल, मध्ये आठ-दहा दिवसांचं अंतर म्हणजे तीच मुलं कंटाळत नाहीत, आणि दोन विषयांत रील आधी, दोन विषयांत कॅरोसेल आधी म्हणजे पहिल्याला मिळणारा फायदा एकाच बाजूला जात नाही. शिवाय मजेची दोन कॅरोसेल, अभ्यासिकेतले पंख्याखालच्या जागेसाठी भांडणारे वगैरे.

सेव्हचे हजारी दर असे आले समजा, अभ्यासाच्या रीलचे १४, १७, १९, २१ आणि त्याच विषयांच्या कॅरोसेलचे ३५, ३९, ४१, ४४. मजेच्या दोन कॅरोसेलचे ४ आणि ६. आता जुलैचं कोडं सुटतं. रीलचा दर साडेपाचवरून अठरावर गेला, फॉरमॅट तोच राहिला आणि बदलला फक्त विषय, म्हणजे त्या सातपटीतला मोठा वाटा विषयाचा होता. अठरावरून चाळीसवर जायला मात्र फॉरमॅटच लागला, विषय सारखा असूनही दुपटीचा फरक उरतो. आणि कॅरोसेल केलं म्हणून कशालाही सेव्ह मिळतात असंही नाही, पंख्याच्या कॅरोसेलला कुणी कशाला सेव्ह करेल. जुलैच्या रिपोर्टवर "रील बंद, सगळं कॅरोसेल" असा निर्णय झाला असता तर चार अभ्यासाच्या रीलवरून आलेले नवे फॉलोअर गेले असते आणि कुणाला कळलंही नसतं.

एक गोष्ट मात्र हा रिपोर्ट सरळ सांगू शकत नाही, ती म्हणजे फी भरणारे कुठल्या फॉरमॅटवरून आले. इन्स्टाच्या कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही, माणूस प्रोफाईलवर जाऊन बायोमधली लिंक उघडतो, आणि तिथे पोहोचेपर्यंत तो रीलवरून आला की कॅरोसेलवरून याचा माग पुसला जातो. यावर साधा उपाय म्हणजे प्रत्येक फॉरमॅटच्या शेवटी वेगळा शब्द द्यायचा, रीलच्या शेवटी "डेमो लेक्चरसाठी `WRIT` असा मेसेज करा", कॅरोसेलच्या शेवटच्या पानावर `NOTES`, आणि मेसेजमध्ये कुठला शब्द किती वेळा आला ते मोजायचं. पूर्ण अचूक नाही, काही जण नुसतंच "फी किती सर" असं लिहितात आणि काही जण सरळ जिना चढून ऑफिसात येतात. त्यांच्यासाठी नोंदणीच्या फॉर्मवर कुठे पाहिलंत असा एक प्रश्न ठेवा. पण उत्तरात फक्त "इन्स्टाग्राम" असा पर्याय देऊन उपयोग नाही, "व्हिडिओ बघून", "नोट्सची पोस्ट बघून", "मित्राने पाठवलं" असे पर्याय द्या. तिसरा पर्याय महत्त्वाचा, कारण शेअरचा आकडा आपण इतका मोजतोय तर त्यातून कुणी येतंय का हे तिथेच दिसेल.

सरांना द्यायचा रिपोर्ट एका पानाचाच ठेवा. वर तो चार ओळींचा तक्ता, तीन महिन्यांचा आणि या महिन्याचा. खाली एक चित्र, खांबांचं नको, खांब मध्यक दाखवतात आणि पसारा लपवतात. प्रत्येक पोस्टचा एक ठिपका, फॉरमॅटप्रमाणे रांगेत, उभ्या बाजूला हजारी सेव्ह. मेसची रील तिथे रीलच्या रांगेत सगळ्यात खाली दिसते आणि कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. चित्राखाली पुढच्या महिन्यात काय करायचं ते दोन-तीन वाक्यांत, उदाहरणार्थ अभ्यासाच्या रील चार, कॅरोसेल सात, बॅचचं पोस्टर एकदाच आणि तेही स्टोरीत, निकालाचे पोस्टर जसे निकाल लागतील तसे. निकालाचं पोस्टर कुठल्याही आकड्यात बसत नाही म्हणून बंद करू नका बरं का, ज्याने चार वर्षं रात्रीचा दिवस केला त्याचा फोटो लावायचाच, त्यासाठी सेव्हचा दर बघायचा नसतो. फक्त त्याला तुलनेत धरू नका.

आणि सर "लाईक किती?" विचारतीलच, तर लाईकचा कॉलम काढू नका, तो तिथेच राहू दे. विचारलं की त्याच्या शेजारच्या कॉलमवर बोट ठेवायचं.

शेवटचं काम शीटचं. नवीन महिन्यासाठी शीटची कॉपी करण्याआधी जुन्या महिन्याचे रिपोर्टवरचे आकडे कॉपी करून फक्त व्हॅल्यू म्हणून पेस्ट करा, फॉर्म्युला काढून टाका. नाहीतर कुणीतरी सप्टेंबरमध्ये जुन्या पोस्टचे वाढलेले आकडे भरतं आणि जुलैचा छापून दिलेला रिपोर्ट आणि शीटमधला जुलै जुळेनासा होतो.